हातात न आलेला नफा

असोसिएट कंपनीच्या नफ्यातला वाटा आपल्या नफा-तोटा पत्रकात दाखवायचा, ही गोष्ट मला पुष्कळ वर्षं पटत नव्हती. कन्सॉलिडेशन करणं हे माझं कामच, त्यामुळे ती ओळ मी दरवर्षी नियमाबरहुकूम लिहीत होतो. मनातून मात्र म्हणत होतो की हा नफा कागदावरचा. बँकेत आलेला डिव्हिडंड तेवढा खरा, बाकी सगळी मानकांची कसरत. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. पण ते पूर्ण उलटलेलंही नाही, आणि कुठे बदललं, कुठे नाही, हेच सांगायचं आहे.

आधी थोडक्यात मामला. दुसऱ्या कंपनीत आपल्याकडे 20 टक्के किंवा त्याहून जास्त मतं असली की आपला तिच्यावर लक्षणीय प्रभाव आहे असं गृहीत धरतात. प्रभाव आहे, ताबा नाही. ताबा असता तर ती उपकंपनी झाली असती, आणि तिची विक्री, खर्च, कर्ज सगळं ओळीला ओळ जोडून घ्यावं लागलं असतं. इथे तसं करत नाहीत. एकत्रित हिशेबात तिची ताळेबंदात एक ओळ आणि नफा-तोटा पत्रकात एक ओळ. इंड एएस 28 मध्ये यालाच इक्विटी मेथड म्हटलंय. गुंतवणूक खरेदीच्या किमतीला सुरू होते, कंपनीला नफा झाला की आपल्या वाट्याइतकी वाढते, तोटा झाला की घटते. आणि डिव्हिडंड आला की? तरीही घटते.

माझं घोडं अडायचं ते इथेच. पैसे आले आणि उत्पन्न शून्य? उलट, पैसे न येता उत्पन्न?

एक प्रकरण सांगतो. नाव घेत नाही, आणि आकडेही सोपे करून घेतले आहेत. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीने बाटल्या बनवणाऱ्या कंपनीचा 30 टक्के हिस्सा 90 कोटींना घेतला. बाटलीवाल्यांची पुस्तकी निव्वळ मालमत्ता 200 कोटींची, म्हणजे आपला वाटा 60 कोटी. मग वरचे 30 कोटी कशाचे दिले? यंत्रसामग्रीची खरी किंमत पुस्तकापेक्षा 40 कोटींनी जास्त निघाली, त्यातला आपला वाटा 12. उरलेले 18 कोटी गुडविल. हे गुडविल वेगळं कुठे दिसत नाही, त्या 90 मध्येच मुरलेलं असतं, आणि दरवर्षी थोडं थोडं खर्ची टाकायचं नसतं. यंत्रांचे 12 कोटी मात्र झिजतात. यंत्रांचं आयुष्य 10 वर्षं धरलं तर वर्षाला 1.2 कोटी. (स्थगित कराचा हिशेब इथे सोडून दिला आहे. तो धरला तर आकडे हलतात, मुद्दा हलत नाही.)

पहिल्या वर्षी बाटलीवाल्यांना 50 कोटी नफा झाला. आपला वाटा 15. त्यातून यंत्रांच्या जादा किमतीचा घसारा 1.2 गेला. शिवाय त्यांनी आपल्यालाच विकलेल्या बाटल्यांपैकी काही वर्षअखेरीला आपल्या गोदामात पडून होत्या, आणि त्या मालावर त्यांनी 2 कोटी नफा धरला होता. माल अजून बाहेर गेलेला नाही, तेव्हा त्या नफ्यातला आपला 30 टक्के वाटा, 0.6 कोटी, थांबवायचा. उरले 13.2 कोटी. नफा-तोटा पत्रकातल्या त्या ओळीत जाणारा आकडा हा, नुसते 50 चे 30 टक्के नाहीत. कंपनीच्या नफ्याला टक्केवारीने गुणून ही ओळ ताडून पाहणाऱ्याला फरक दिसतो आणि वाटतं की काहीतरी चुकलंय. बहुतेक वेळा चुकलेलं नसतं, तो फरक या दोन गोष्टींचा असतो.

त्याच वर्षी त्यांनी 20 कोटी डिव्हिडंड दिला, आपल्याला 6 आले. गुंतवणूक 90 अधिक 13.2 वजा 6, म्हणजे 97.2 कोटी.

माझं मत हललं ते दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांनी. बाटलीवाल्यांना 10 कोटी तोटा झाला. तरीही मागच्या वर्षांच्या शिल्लक नफ्यातून त्यांनी पुन्हा 20 कोटी डिव्हिडंड दिला. कायद्याला धरूनच. संचालक मंडळावर औषध कंपनीची माणसं होतीच, आणि डिव्हिडंड द्यावा असा त्यांचा आग्रहही होता. औषध कंपनीच्या स्वतंत्र हिशेबात दोन्ही वर्षी 6 कोटी उत्पन्न. तुळतुळीत, एकसारखं. तिचे वित्त संचालक बैठकीत म्हणाले, "डिव्हिडंड थांबला नाही ना? मग चिंता कसली?" मी एरवी मान डोलावली असती, कारण हेच माझंही मत होतं.

पण एकत्रित पत्रकात त्याच वर्षाची ओळ काय म्हणत होती? तोट्यातला वाटा 3 कोटी, घसारा 1.2, आणि मागच्या वर्षीचा माल आता विकला गेला म्हणून थांबवलेले 0.6 परत. एकूण उणे 3.6 कोटी. गुंतवणूक 97.2 वरून 3.6 ने आणि डिव्हिडंडच्या 6 ने घटून 87.6 कोटी.

आता दोन वर्षं एकत्र पाहा. आपण घेतले 12 कोटी. आपल्या वाट्याला कमाई झाली 9.6 कोटी. वरचे 2.4 कोटी आले कुठून? आपल्याच 90 कोटींतून. तेवढं आपलं मुद्दल परत आलं आणि आपण त्याला उत्पन्न म्हणून बसलो. डिव्हिडंड आल्यावर गुंतवणूक का घटवायची, याचं उत्तर मला पाठ होतं, पण पटलं ते या 2.4 कोटींनी. ज्या आकड्याला मी खरा समजत होतो, तो आमच्याच माणसांच्या आग्रहाने ठरत होता. जिथे आपला प्रभाव आहे तिथे डिव्हिडंड हा कमाईचा साक्षीदार उरत नाही, कारण साक्ष आपणच पढवलेली असते.

आणि कागदी म्हणून ज्या ओळीला मी हिणवत होतो, तिचा ताळा बसतो. दोन वर्षांनंतर बाटलीवाल्यांची निव्वळ मालमत्ता: 200 अधिक 50 वजा 20 वजा 10 वजा 20, म्हणजे पुन्हा 200. आपला वाटा 60. यंत्रांच्या जादा किमतीतले उरले 9.6. गुडविल 18. बेरीज 87.6. वरून पाहा की खालून, आकडा तोच. हा ताळा बसला नाही तर कुठेतरी डिव्हिडंड दोनदा धरलेला असतो, नाहीतर अडकलेल्या मालाचा नफा उलटवायचा राहिलेला असतो. हल्ली फाइल हातात आली की मी आधी ही बेरीज करतो.

मजा म्हणजे मानकांनाही तो डिव्हिडंड संशयास्पद वाटतोच. स्वतंत्र हिशेबात असोसिएटचा डिव्हिडंड उत्पन्नात घ्यायला हरकत नाही, पण तो त्या वर्षीच्या तिच्या एकूण उत्पन्नापेक्षा जास्त असेल तर गुंतवणुकीची किंमत बुडाली आहे का ते तपासण्याची ती एक खूण आहे, असं इंड एएस 36 मध्येच लिहिलंय. आमच्या दुसऱ्या वर्षी ती खूण लख्ख होती. तोवर तो परिच्छेद मी औपचारिकता म्हणून वाचून पुढे जायचो.

आकुर्डीच्या बजाज होल्डिंग्जचा वार्षिक अहवाल हे सगळं मोठ्या प्रमाणावर पाहायला चांगला. बजाज ऑटोमध्ये तिचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त हिस्सा, बजाज फिनसर्वमध्ये साधारण 39 टक्के. दोन्ही असोसिएट. स्वतंत्र पत्रकात या कंपन्यांचा डिव्हिडंड दिसतो, एकत्रित पत्रकात त्यांच्या नफ्यातला वाटा, आणि दोन्ही आकड्यांत मोठं अंतर असतं. फिनसर्वच्या बाबतीत आणखी एक पायरी आहे. बजाज फायनान्स तिची उपकंपनी, पण पूर्ण मालकीची नव्हे. तेव्हा वाटा काढायचा तो फिनसर्वच्या एकत्रित नफ्यावरून, आणि त्यातही बाहेरच्या भागधारकांचा हिस्सा वगळून जो फिनसर्वच्या मालकांना लागू होतो त्यावरून. अहवालात एकूण नफ्याचा आकडा आधी येतो, त्याची मालकांत आणि बाहेरच्यांत विभागणी त्याच्याखाली. घाईत वरचाच आकडा उचलला जातो आणि वाटा फुगतो.

तरी माझा जुना संशय मी टाकून दिलेला नाही, फक्त त्याची जागा बदलली आहे. त्या 13.2 कोटींतून पगार होत नाहीत. म्हणून मी आता ती ओळ एकटी वाचत नाही, रोख प्रवाह पत्रकासोबत वाचतो. तिथे करपूर्व नफ्यातून असोसिएटचा वाटा आधी वजा केलेला असतो आणि प्रत्यक्ष आलेला डिव्हिडंड वेगळा दाखवलेला. वर्षानुवर्षं वाटा मोठा आणि डिव्हिडंड नगण्य असेल तर पैसा तिकडे कशात गुंततोय हे विचारावं लागतं. नवा कारखाना उभा राहत असेल तर ठीक. नुसती वसुली थकलेली असेल तर तो नफा तिथेही कागदावरच आहे, आपण त्याची फक्त नक्कल उतरवली.

दुसरी अडचण कर्जाची. बाटलीवाल्यांनी 300 कोटींचं कर्ज काढलं तरी औषध कंपनीच्या ताळेबंदात कर्जाच्या बाजूला एक रुपया दिसणार नाही. एका ओळीच्या सोयीची ही किंमत आहे. तोट्यालाही तळ आहे. गुंतवणूक शून्यावर आली की पुढचा तोटा धरायचा नाही, हमी दिलेली असेल किंवा त्यांची देणी आपण अंगावर घेतली असतील तर गोष्ट वेगळी. मग ती कंपनी पुन्हा नफ्यात आली तरी न धरलेला तोटा भरून निघेपर्यंत आपला वाटा दाखवायचा नाही. त्या काळात ओळ कोरी असते, आणि कोरी ओळ म्हणजे सगळं ठीक, असं समजणारे वाचक मी पाहिले आहेत.

आणि एका जागी मी जुन्याच बाजूला उभा आहे. आंतरराष्ट्रीय मानकाने 2014 मध्ये स्वतंत्र हिशेबातही इक्विटी मेथड वापरायची मुभा दिली. आपल्या इंड एएस 27 ने ती घेतली नाही. इथे गुंतवणूक खरेदी किमतीला ठेवा किंवा रास्त मूल्याला. इतकं पटल्यावर मी ही मुभा मागायला हवी होती, असं एका तरुण सहकाऱ्याने मला सुनावलं. मी मागत नाही. आपल्याकडे भागधारकांना डिव्हिडंड वाटला जातो तो कंपनीच्या स्वतंत्र हिशेबातल्या नफ्यातून. बाटलीवाल्यांकडे अडकलेले 7.2 कोटी, म्हणजे पहिल्या वर्षीचे 13.2 वजा आलेले 6, त्या हिशेबात नफा म्हणून शिरले तर ते वाटता येतील का, याचा वाद सुरू होईल, आणि वाटायचे ठरले तर औषध कंपनीला बँकेकडून पैसे उचलावे लागतील.