आधी नासेल ते आधी

नांदेड,
रविवार, दुपार

चि. बाळास,


बाबांच्या हातच्या सामानाच्या यादीचा तू काढलेला फोटो पाहिला. ताईनं मोठा करून दाखवला तेव्हा अक्षर लागलं. ताई नि तिचं बाळ बरी आहेत. फोनवर सांगितलेलं तू विसरतोस, म्हणून हे लिहिते. याचा फोटो ताई तुला अहमदपूरला पाठवील.

बाबांनी जे आधी दिसलं ते आधी लिहिलं. तू मात्र जे आधी नासेल ते आधी कर. उद्या सोमवारी एक जुडी मेथी नि भाकरी. दुसरी जुडी आजच निवडून, न धुता, कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेव. ती मंगळवारी डाळीत घाल. बुधवारी गवार, कारण ती शिळी झाली की दोरे सुटतात. गुरुवारी कूट घालून वांगी.

शुक्रवारी अडतं. यादीत ‘म. १ वाटी’ एवढंच आहे आणि पुढचं अक्षर तुझ्या अंगठ्याच्या सावलीत गेलंय. मटकी असेल तर बुधवारी रात्रीच भिजत घालावी लागेल. गुरुवारी सकाळी उपसून फडक्यात बांधलीस, तर शुक्रवारी रात्री मोडाची उसळ होईल. मसूर असेल तर शुक्रवारी दुपारी भिजवलेला चालतो. डबा उघडून बघ. मटकी बारीक, लांबट असते, मसूर चपटा.

‘डाळ पाव’ म्हणजे पाव किलो. दोघांना एका वेळी अर्धी वाटी घेतलीस तर ती तीनदा पुरते. मंगळवारी एकदा, रविवारी वरणफळाला एकदा, आणि तिसरा वाटा आल्या-गेल्यासाठी राहू दे. रोज वरण लावलंस तर बुधवारीच डबा रिकामा होईल.

पीठ टिकतं असं तुला वाटेल. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग भाकरी थापताना कडेनं तडकते. म्हणून भाकरी आठवड्याच्या सुरुवातीला. पुढं तडकायला लागली तर पीठ उकळत्या पाण्यात भिजव. शनिवारी उरलेल्या पिठात गव्हाचं पीठ, बेसन, कांदा आणि किसलेला कोबी घालून धपाटे कर. गव्हाच्या पिठानं ते धरून राहतात. सोबत दही.

बटाटे मी मुद्दाम कुठंच घातले नाहीत. वांगं चिरल्यावर आतून काळं निघालं, किंवा मटकीला मोड आले नाहीत, तर त्या दिवशी बटाटे.

पुढच्या वेळी यादी खिडकीपाशी उजेडात धरून फोटो काढ, आणि बाबांना म्हणावं, पूर्ण शब्द लिहा. ‘म.’ चा डबा आज रात्रीच उघड आणि मला कळव. बुधवारनंतर कळवून उपयोग नाही.

तुझी आई