उतारा वाचून उत्तरे लिहा

आमच्या सोसायटीत माणसाने आपण निवृत्त झाल्याचं कुणाला कळू देऊ नये. मी ते लपवलं नाही, आणि दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरी दारात उभे! त्यांच्या एका हातात ‘भजन-भारूड संग्रह’ नावाचं, मधल्या पिनांना गंज चढलेलं एक पुस्तक होतं आणि दुसऱ्या हातात जुनी प्रश्नपत्रिका. दर रविवारी सकाळी साडेनऊला सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचा संस्कारवर्ग भरतो. आठ ते बारा वयाची चौदा मुलं येतात. गाणी शिकवायचं काम तळमजल्यावरच्या काकू करतात. “तुम्ही फक्त या पुस्तकावरून एक वर्कशीट काढा आणि शेवटी एक छोटीशी क्विझ घ्या,” सेक्रेटरी म्हणाले. ‘फक्त’ हा शब्द ते मेन्टेनन्स वाढवतानाही वापरतात.

जुनी प्रश्नपत्रिका मी चहाबरोबर वाचली. दहा प्रश्न होते. ‘राग करणे चांगले की वाईट?’ ‘आपण सर्वांशी कसे वागावे? प्रेमाने की भांडून?’ ‘खोटे बोलावे का?’ गाणं कुठलं, कवी कोण, त्यात काय म्हटलं आहे, याच्याशी एकाही प्रश्नाचं देणंघेणं नव्हतं. मला एक शंका आली. दुसऱ्या मजल्यावरचे एक चिरंजीव वर्गाच्या वेळी खाली नियमितपणे क्रिकेट खेळतात आणि आमच्या काचा नियमितपणे फोडतात. संस्कारवर्गात त्यांचं पाऊल कधी पडलेलं नाही. मी त्यांना वर बोलावलं आणि पेपर पुढे केला. त्यांनी बॅट काखेतून न काढता चार मिनिटांत सगळी उत्तरं लिहिली. दहापैकी दहा!

नीतीच्या प्रश्नपत्रिकेची खरी गोम इथेच आहे. गणितात मुलाला उत्तर माहीत नसतं. नीतीत मात्र मोठ्यांना कुठलं उत्तर आवडतं हे प्रत्येक मुलाला बालवाडीपासून पाठ असतं. ‘खोटे बोलावे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ लिहिणारा मुलगा खरं बोलतो असं सिद्ध होत नाही. फार तर तो शहाणा आहे एवढंच सिद्ध होतं. म्हणून मी एक कसोटी ठरवली. ज्याने गाणं वाचलेलं नाही, त्याला सुटेल असा प्रश्न ठेवायचा नाही. परीक्षक दुसऱ्या मजल्यावर तयार होताच.

पुस्तकातून मी संत एकनाथांचं विंचवाचं भारूड निवडलं. मुलांना विंचू आवडतो, आणि भारुडात रूपक असतं, म्हणजे वर एक गोष्ट आणि खाली दुसरी. प्रश्न काढणाऱ्याला दोन मजले मिळतात. वरच्या मजल्यावर माणसाला विंचू चावतो, घाम येतो, अंगाचा दाह होतो, उतारा दिला जातो. खालच्या मजल्यावर तो विंचू म्हणजे काम आणि क्रोध, मागे सारायचा तो तमोगुण आणि लावायचा अंगारा म्हणजे सत्त्वगुण. आधी वरच्या मजल्यावरचे प्रश्न विचारायचे, मग खालच्या. थेट तळघरात नेलं की मुलं जांभया देतात. मोठेही देतात, फक्त तोंडावर हात ठेवून.

पण प्रश्नांआधी शब्दार्थ. कठीण शब्दांची यादी मी माझ्या मनाने केली नाही. भारूड आमच्या भाचीला वाचायला दिलं आणि ती कुठे अडते ते पाहिलं. गंमत अशी की ती कठीण शब्दांना अडली नाही. ‘इंगळी म्हणजे काय?’ असं सरळ विचारून मोकळी झाली. (मोठा, जहरी विंचू.) घोटाळा होता सोप्या शब्दांत, कारण तिथे ती अडलीच नाही. ‘काम’ चावतं म्हटल्यावर तिने गृहपाठ डोळ्यांपुढे आणला आणि एकनाथांशी शंभर टक्के सहमत झाली. ‘अंगारा’ म्हणजे तिला पेटता निखारा वाटला. चावलेल्या जागेवर निखारा ठेवणारे हे कसले संत, असा भाव तिच्या चेहऱ्यावर होता. आणि ‘उतारा’? तो तर शाळेच्या प्रत्येक पेपरात असतो, वाचून खालील प्रश्नांची उत्तरे लिहायला! विंचू चावलेल्या माणसाला लोक उतारा वाचायला का देतात, हे तिला कळेना. तेव्हा यादीत इंगळीबरोबर हे तीन शब्दही वर चढले. ‘काम’चा अर्थ नऊ वर्षांच्या मुलांना सांगताना माझा पेन जरा थबकला, शेवटी ‘एखादी गोष्ट हवीच हवी असं वाटत राहणं’ असं लिहिलं. काकूंनी ते वाचून सुटकेचा निःश्वास सोडला.

आता पर्यायी उत्तरं. ‘या भारुडात विंचू म्हणजे कोण?’ या प्रश्नाला अभ्यास, आजी, काम-क्रोध आणि कुल्फी असे पर्याय दिले, तर बॅटवालाही बिनचूक खूण करील. चुकीचे पर्याय बरोबर उत्तराच्याच भावकीतले हवेत. म्हणून आळस-झोप, काम-क्रोध, मत्सर-हेवा आणि गर्व-ताठा असे दुर्गुणांचे चार जोड एका ओळीत उभे केले. सगळेच वाईट, त्यामुळे नुसत्या सज्जनपणावर उत्तर सापडत नाही. ‘लोभ’ हा पर्याय मी मुद्दाम गाळला. शब्दार्थात ‘काम’ म्हणजे हवंहवंसं वाटणं असं सांगितल्यावर एखादी चुणचुणीत मुलगी ‘मग लोभही बरोबरच की’ म्हणेल, आणि ते खरंच असेल. चारही पर्यायांची लांबीही सारखी ठेवली. प्रश्न काढणारा बरोबर उत्तर फार काळजीने लिहितो, म्हणून ते सगळ्यांत लांब होतं. ही खूण मुलांना शिक्षकांच्या आधी कळते.

जोड्या लावण्यात आणखी एक मेख असते. डावीकडे चार आणि उजवीकडे चार ठेवले, की तीन आल्यावर चौथी जोडी फुकट पदरात पडते. म्हणून डावीकडे चार आणि उजवीकडे पाच. पाचवा मी ‘रजोगुण’ ठेवला. तो या भारुडात कुठेच नाही, पण तमोगुण आणि सत्त्वगुण यांच्या शेजारी असा साळसूदपणे बसतो की बघत राहावं.

गाळलेल्या जागा मात्र मी एकच ठेवली. ही गाणी शतकानुशतके तोंडातोंडी आली. एका पुस्तकात एक शब्द, दुसऱ्यात दुसरा. दोन पुस्तकं समोर ठेवून, दोन्हीकडे सारखा असलेलाच शब्द गाळावा. नाहीतर सोमवारी सकाळी कुणाची तरी आजी स्वतःची वही घेऊन येते, ‘आमच्या माहेरी असं म्हणत नाहीत’ असं सांगते आणि नातवाचा अर्धा मार्क घेऊनच जाते.

खाली चौकटीत मी एक सूचना घातली: ‘खरा विंचू चावल्यास अंगारा लावत बसू नये, ताबडतोब दवाखान्यात जावे.’ सेक्रेटरींना ती भक्तीला सोडून वाटली. पण आठ वर्षांचं मूल रूपक आणि प्रथमोपचार यांत भेद करीलच असं नाही, आणि सुट्टीत निम्मी मुलं कोकणात जातात. तिथला लाल विंचू जिवावर उठू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध त्यावर वापरलं आणि माणसं वाचू लागली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या विंचवाच्या दंशानंतर माणूस घामाने न्हाऊन निघतो. एकनाथांच्या रोग्यालाही घाम येतोच. नाथांचं निरीक्षण पक्कं होतं. औषध तेवढं वेगळ्या दुखण्याचं होतं.

पर्यायी उत्तरांचे असे आठ प्रश्न झाले, प्रत्येकाला चार पर्याय. नुसत्या अंदाजाने खुणा केल्या तर आठातले सरासरी दोन बरोबर यावेत. पेपर घेऊन मी परीक्षकांना बोलावलं. या वेळी बॅट काखेतून निघाली, पेन्सिल तोंडात गेली, बारा मिनिटं गेली आणि दोन आले. मला झालेला आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही. “हे काय काका, यात चांगलं वागून काही उपयोगच नाही!” ते म्हणाले. माझ्या पेपराला मिळालेलं हे सर्वांत उत्तम प्रशस्तिपत्र. पुढच्या रविवारी ते वर्गात येऊन मागे बसले. तिसऱ्याचं उत्तर काय, एवढंच त्यांना हवं होतं.

क्विझसाठीही हेच प्रश्न, तोंडी, दोन गटांत. बझर नव्हता, म्हणून देवघरातली घंटा नेली. त्यात मी एक पथ्य पाळलं: ज्याचं उत्तर भारुडात बोट ठेवून दाखवता येतं, तेवढंच विचारायचं. ‘शेवटची वेदना कुणी शांत केली?’ ‘जनार्दनाने.’ एका गटाने जनार्दन म्हणजे विष्णू म्हटलं, दुसऱ्याने नाथांचे गुरू जनार्दनस्वामी. दोघांनाही गुण दिले. नाथांनीच ते नाव असं वापरलंय की दोन्ही एका ठिकाणी भेटतात. तिथे मी घंटा बडवून निवाडा करणारा कोण?

वागण्याबद्दलचा प्रश्न मात्र एकच, वर्कशीटच्या मागच्या बाजूला, आणि त्याला गुण नाहीत. सेक्रेटरींना हे अजिबात पसंत नव्हतं. पण गुण ठेवले की मुलं मला हवं ते लिहिणार, आणि मी तेच तपासणार. भारुडाच्या शेवटी एक बारीकशी गोष्ट आहे. उतारा पडतो, विष उतरतं, तरी थोडी ‘फुणफुण’ राहतेच. एरवी संस्कारवर्गात राग वाईट असतो, सोडला की संपतो आणि सगळे घरी जातात. नाथांनी तसं केलं नाही. म्हणून मी विचारलं, ‘राग गेल्यावरही तुला कधी फुणफुण राहिली होती का? कशाची?’ खाली सहा ओळी मोकळ्या, आणि नाव लिहायची सक्ती नाही.

चौदांपैकी पाच कागद कोरे आले. तिघांनी चित्रं काढली. एका विंचवाने आमच्यासारखा चष्मा घातला होता. एकाने ‘मला राग येतच नाही’ असं इतकं दाबून लिहिलं होतं की कागद फाटला. आणि एका कागदावर, अर्ध्या अक्षरांचे पाय मोडलेल्या शुद्धलेखनात, असं होतं: ‘दादाने माझी पतंग फाडली. मग तो सॉरी म्हणाला. आईने सांगितलं म्हणून मी पण ठीक आहे म्हटलं. नवी पतंग पण आणली. पण ती ती नाही.’

सेक्रेटरी निकालपत्रक घ्यायला आले तेव्हा तो कागद माझ्या हातात होता. “याला किती दिलेत?” त्यांनी विचारलं. मी कागद त्यांच्याकडे दिला. त्यांनी तो वाचला, उलटा करून पुढची बाजू पाहिली, पुन्हा मागची वाचली. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, “आमच्या धाकट्या भावाची सायकल मी…” आणि तिथेच थांबले. चहा होईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मेन्टेनन्सबद्दलसुद्धा नाही.