खोडलेली ओळ सोडून

मित्राचे वडील गेले तेव्हा आमचं फोनवर बोलणं झालं होतं. तेरावा झाला, पाहुणे परतले आणि मग त्याने पत्र लिहिलं. रेघी कागदावर, निळ्या शाईत. त्याचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले. म्हणजे हे पत्र बातमी कळवण्यासाठी नव्हतं. घर रिकामं झाल्यावर त्याला जे बोलायचं होतं, ते त्यात होतं.

बँकेच्या प्रशासन विभागात असताना सांत्वनपर पत्रांचे मसुदे माझ्याकडेच येत. ‘आपल्या वडिलांच्या दुःखद निधनाची वार्ता समजली, ईश्वर आपणांस हे दुःख सहन करण्याचे बळ देवो.’ ही वाक्यं वाईट नाहीत. गेलेल्या माणसाला आपण ओळखत नसू, तेव्हा तीच बरी. पण ज्यांच्या सायकलच्या दुकानात आपलं अर्धं बालपण गेलं, त्या अण्णांबद्दल तसं लिहिलं तर मुलाला परकेपणाच वाटेल.

फोटोतल्या पत्राची पहिली अडचण म्हणजे निळी खूण. आपण ते उघडलंय हे समोरच्याला लगेच दिसतं, आणि मग दोन दिवसांची शांतता बोचते. म्हणून आधी एवढंच पाठवलं, ‘पत्र मिळालं. सावकाश वाचतो आणि हातानेच लिहितो.’ मग वाचायला बसलो. फोटो उलटसुलट क्रमाने आले होते, एका पानाची डावी कड अंगठ्याच्या सावलीत गेली होती. असं असलं की मी मजकूर वहीत उतरवून घेतो. उतरवताना प्रत्येक शब्दापाशी थांबावं लागतं, आणि पत्राचा गाभा कुठे आहे ते हाताला कळतं. जे लागत नाही त्याची जागा कोरी ठेवतो. अंदाजाने भरलेल्या शब्दाला उत्तर देणं धोक्याचं. एक ओळ त्याने खोडली होती. फोटो मोठा केला की खालची अक्षरं वाचता येत होती. पण खोडलेलं आपल्याला लिहिलेलं नसतं. उत्तरात त्याची सावलीसुद्धा पडू द्यायची नाही.

गाभा शेवटच्या पानावर होता. डॉक्टर म्हणाले होते घरी न्या. याने आणखी दोन दिवस दवाखान्यात ठेवलं, आणि अण्णा तिथेच गेले. ‘माझं चुकलं का रे?’

इथे हात आपोआप लिहितो, ‘तुझं काही चुकलं नाही.’ ते मी लिहिलं आणि खोडलं. मी तिथे नव्हतो, माझ्या निकालाला किंमत काय? वैद्यकीय बाजू मांडणंही नको, तो वाद त्याने मनात शंभरदा घातलेला असतो. अशा प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा त्याच पत्रात आधी कुठेतरी येऊन गेलेलं असतं. पहिल्या पानावर त्यानेच सहज सांगितलं होतं की डॉक्टर घरी न्या म्हणाले त्या सकाळी अण्णांनी दोन चमचे पेज घेतली. मग मी लिहिलं, ‘सकाळी त्यांनी पेज घेतली असं तू लिहिलंस. ते बघून तू थांबलास. मी असतो तर मलाही थांबावंसं वाटलं असतं.’ याहून पुढे गेलो नाही.

त्यानंतर एक आठवण. ती निवडताना मी एकच गोष्ट बघतो : ही त्याला माहीत आहे का? पंक्चर शोधताना अण्णा घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवत आणि बुडबुडा बघायला आम्हाला बोलावत, हे आम्हा दोघांनाही पाठ आहे. तो कॉलेजसाठी बाहेरगावी गेला त्या वर्षीचं मात्र त्याला ठाऊक नव्हतं. मी हवा भरायला गेलो की अण्णा विचारायचे, ‘मेसचं जेवण मिळतं ना त्याला पोटभर? मला खरं सांगत नाही तो.’ मी जसंच्या तसं लिहिलं, भोवती भावनेचं एकही विशेषण न लावता. वडील गेल्यावर त्यांच्याबद्दल नवं काही कळण्याची वाट जवळजवळ बंद होते. ती थोडी उघडी ठेवणं जुन्या मित्राला जमू शकतं.

पत्राच्या माथ्यावर ‘श्री’ घातला नाही, फक्त गाव आणि तारीख. आमच्या घरी अशुभाचं कार्ड वाचून लगेच फाडून टाकत. हे पत्र त्याने ठेवावं अशी माझी इच्छा होती, तरी ‘श्री’ घालायला हात धजावला नाही. शेवटी ‘काही लागलं तर सांग’ हेही टाळलं. त्यामुळे मागण्याचं काम पुन्हा दुःखातल्या माणसाकडेच जातं. त्याऐवजी ‘येत्या रविवारी सकाळच्या एसटीने येतो, वहिनींना स्वयंपाकाचा घाट घालू नका म्हणावं.’

काळ्या शाईत, कागदाच्या एकाच बाजूला लिहिलं होतं, कारण पाठची शाई फोटोत उमटते. पानांना वर ठळक आकडे घातले. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, कागद सपाट ठेवून फोटो काढले आणि क्रमाने पाठवले. मूळ कागद पाकिटात घालून रविवारी बरोबर नेले. फोन बदलला की फोटो हरवतात.