पिनच्या पुढचा पत्ता

४०००५९

मरोळचा पिन. पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली. ती आखली टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. पत्र पोस्टाच्या दारात आलं की पिनचं काम संपलं. तिथून घराच्या उंबऱ्यापर्यंतचा रस्ता बीटवरच्या पोस्टमनच्या डोक्यात असतो. माझ्या डोक्यात तो अजून आहे. नातीने फोनवर नकाशाचं ॲप घालून दिलं, तेव्हापासून तो रस्ता तिथे उतरवतो आहे.

पत्रं लावणं

बीटवर निघण्याआधी पत्रं लावायची असतात, ती घराच्या नंबरानुसार नव्हे, चालण्याच्या क्रमाने. गावठाणात चौदा नंबरच्या शेजारी तीन नंबर येऊ शकतो, कारण एका बोळाचं तोंड दुसऱ्या बोळात उघडतं. म्हणून कुणी एखादं घर विचारलं की मला ते एकटं आठवत नाही. मनात गावठाणातल्या क्रूसापासून चालायला लागतो: डावीकडे वळण, विहीर, बाहेरून जिना असलेलं घर, मग ते दार. नकाशात प्रत्येक घर सुटं असतं. दोन घरांच्या मधलं चालणं त्यात कुणीतरी घालावं लागतं.

मागची भिंत

पार्सल घेऊन आलेला एक मुलगा गावठाणातल्या एका घराच्या मागच्या भिंतीपाशी उभा होता. फोन म्हणत होता, पोचलात. दार मात्र पलीकडच्या बोळात होतं.

"काका, इथेच दाखवतंय," तो म्हणाला.

त्याला वळसा घालून दारापर्यंत नेलं. संध्याकाळी नातीने कारण समजावलं. "आबा, तो बोळ नकाशात काढलेलाच नाही. मग ॲप काय करणार? घराच्या जवळात जवळ जो काढलेला रस्ता असेल, तिथे नेऊन सोडतं. तो रस्ता मागचा निघाला."

उपग्रहाच्या फोटोत बोळ दिसत नाही, कारण दोन्ही बाजूंचे पत्रे वर जवळजवळ एकमेकांना टेकलेत. वरून पाहिलं तर सगळं एकच छप्पर. खालून गेलेल्या माणसालाच ठाऊक की मध्ये हातगाडी जाईल एवढी वाट आहे.

बोळ काढला तो असा

ओपनस्ट्रीटमॅप हा कुणालाही भर घालता येईल असा नकाशा. त्यात हा बोळ घालायचं ठरलं. फोनवर चाललेली वाट नोंदवत बोळातून गेलो. मोकळ्या मैदानात फोनची चूक काही मीटरचीच असते. बोळात उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून फिरून येतात, म्हणून रेघ मध्येच शेजाऱ्याच्या छपरावर चढते. अशा एका रेघेवर विसंबायचं नसतं. दोन्ही बाजूंनी, वेगवेगळ्या वेळी चालायचं, सगळ्या रेघा एकावर एक ठेवायच्या आणि मधली वाट धरायची. बोळाची दोन्ही तोंडं उघड्यावर आहेत. तिथल्या खुणा भरवशाच्या, म्हणून आधी टोकं पक्की केली. आतलं वळण कुठे येतं, ते पावलं मोजून ताडून पाहिलं.

एका ठिकाणी बोळ घराच्या खालून जातो, वर माडी आहे. तेवढ्या तुकड्याला `tunnel=building_passage` अशी खूण द्यावी लागते. नाहीतर नंतर कुणी फोटो पाहून, घरातून रस्ता कसा जाईल म्हणत तो तुकडा पुसून टाकेल.

जोड

रेघ काढली, तरी ॲप मागच्या भिंतीकडेच नेत राहिलं. काढलेल्या वाटा मार्ग दाखवणाऱ्या ॲपपर्यंत पोचायला वेळ लागतो, हे एक कारण असू शकतं. पण या वेळी कारण वेगळं होतं. बोळाचं टोक मोठ्या रस्त्याला नुसतं लागलेलं होतं, दोघांचा बिंदू एक नव्हता. डोळ्यांना रेघा भिडलेल्या दिसतात, यंत्राच्या लेखी मध्ये खंड असतो. ओळखायची रीत सोपी: बोळातल्या एका जागेपासून बाहेरच्या रस्त्यापर्यंतचा मार्ग मागायचा. चार पावलांच्या अंतराला मोठा वळसा दाखवला किंवा मार्गच मिळाला नाही, तर जोड सुटलेला आहे. नातीने बिंदू एक केला. पुढे नवा नकाशा उतरवून घेतल्यावर मार्ग बोळातून थेट दाराशी आला.

नावं

रस्त्याला पाटीवरचं एक नाव असतं आणि लोकांच्या तोंडी दुसरं. जुन्या माणसांची पत्रं तोंडच्या नावानेच येत. नकाशात त्याची सोय आहे: पाटीवरचं नाव `name`मध्ये, पूर्वीचं `old_name`मध्ये, तोंडचं `loc_name`मध्ये. शोधताना तिन्ही चालू शकतात. मी ही नावं एकट्याच्या आठवणीवर घालत नाही. त्या बोळात जन्म गेलेल्या दोघांनी तरी दुजोरा दिला, तरच.

नाव माणसांबरोबर जागाही बदलतं. कोंडिवित्याला १५७९ साली उभं राहिलेलं सेंट जॉनचं चर्च साथीनंतर १८४०मध्ये लोकांनी सोडलं. ते मरोळला आले आणि सेंट जॉनचं नावही इथे आलं. जुन्या चर्चचे अवशेष आज सीप्झच्या कुंपणात आहेत. चाळींचंही असंच होतं. झोपु योजनेत चाळ पडते आणि तिचं नाव टॉवरच्या सोसायटीला लागतं. त्या नावाचं पत्र आलं की पोस्टमनने आधी विचारायचं, कोणत्या काळातलं?

नकाशात न घालायचं

पडलेली चाळ नकाशात काढता येत नाही. आज जमिनीवर जे आहे तेच काढायचं, असा तिथला नियम आहे आणि तो योग्य आहे. नसलेल्या वाटेवर विश्वासून रुग्णवाहिका आत शिरली तर? पडलेल्या चाळी मी वहीत लिहितो, चालण्याच्या क्रमाने.

कुठल्या दारामागे कोण राहतं, तेही नकाशात घालायचं नाही. कुणाची मनिऑर्डर कुठून यायची, कुणाची पत्रं थांबली, हे मला कामामुळे कळलं. ते माझं सांगायचं नाही.

चार मीटरचा चौकोन

टपाल खात्याने २०२५मध्ये डिजिपिन आणला. सारा देश साधारण चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत वाटला आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा संकेत दिला. तो जागेच्या अक्षांश-रेखांशांवरूनच निघतो, म्हणून पाटी नसलेल्या खोलीलाही तो आहे. पिनने जे पोस्टापाशी सोडलं, ते यामुळे बरंच पुढे जातं.

पण संकेत मजला सांगत नाही. टॉवरमध्ये एकावर एक असलेल्या सगळ्या घरांचा चौकोन एकच. आणि गावठाणात पाठीला पाठ लावून असलेल्या दोन घरांचे चौकोन शेजारी आले, तरी एका दारातून दुसऱ्या दारात जायला बोळाचा पूर्ण फेरा लागतो. चौकोन जागा सांगतो, दार कुठल्या बोळात उघडतं ते सांगत नाही. म्हणून नकाशात आधी बोळ हवेत, प्रत्येक बोळाची दोन्ही टोकं रस्त्याला जोडलेली हवीत. गावठाणाचे राहिलेले बोळ मी त्याच क्रमाने घेणार आहे, ज्या क्रमाने पत्रं लावायचो.