मिन नंतर पेश कसा?

मी व्यवसायाने मराठीचा शिक्षक. अरबी व्याकरणाकडे वळलो ते चाळिशी उलटल्यावर. कुरआन लहानपणापासून वाचत होतो, पण आमच्या बीडमध्ये बहुतेक घरांत वाचतात तसं, म्हणजे अक्षर, जबर, जेर, पेश ओळखून. शब्द का असा संपतो, हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. मग इशाच्या नमाजनंतर मशिदीत एका मौलानांकडे नह्व शिकायला बसू लागलो. तीन-चार महिन्यांत मला थोडं कळू लागलं, आणि नेमकं तेव्हाच माझ्या हातून चूक झाली.

मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. एकविसावा पारा घेऊन बसली होती, सूरह रूमच्या सुरुवातीलाच. चौथ्या आयतीत तिने ‘मिन कब्लु’ वाचलं. मी थांबवलं. म्हटलं, ‘मिन’ आलं की पुढच्या शब्दाला जेर लागतो, म्हणून ‘मिन कब्लि’ म्हण. ती म्हणाली, “अब्बा, कब्लि नक्को, कब्लु. उस्तादजीने ऐसाच पढाए.” मी छापील पान पाहिलं, पेश स्पष्ट होता. तरी मला वाटलं, छपाईची चूक असणार. समासात पेन्सिलीने छोटी फुली मारली आणि तिला जेर लावून दोनदा वाचायला लावलं. तिनं वाचलं, पण मान खाली घालून.

दुसऱ्या रात्री मौलानांना विचारलं. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, “मास्तर, तुम्ही अजून मबनीपर्यंत आलाच नाहीत.”

अरबीत नामाच्या शेवटची मात्रा त्याच्या वाक्यातल्या कामाप्रमाणे बदलते, एवढं मला ठाऊक होतं. शिक्षक आला: ‘जाअ मुअल्लिमुन’. शिक्षकाला पाहिलं: ‘रअयतु मुअल्लिमन’. शिक्षकाजवळून गेलो: ‘मररतु बि-मुअल्लिमिन’. पेश, जबर, जेर. असा बदलणारा शब्द तो मुअरब. मौलानांनी त्याच तीन जागांवर ‘हाउलाइ’, म्हणजे ‘हे लोक’, ठेवायला सांगितलं. जाअ हाउलाइ. रअयतु हाउलाइ. मररतु बि-हाउलाइ. तिन्ही ठिकाणी शेवटी जेर. पहिल्या वाक्यात तो कर्ता आहे, तिथे पेश हवा होता, पण नाही. दुसऱ्यात कर्म आहे, जबर नाही. तिसऱ्यात जेर दिसतो खरा, पण तो ‘बि’मुळे आलेला नाही, आधीपासूनच आहे. हा शब्द मबनी. काम बदलतं, शेवट बदलत नाही.

मराठीचा मास्तर असल्याने मला लगेच ‘अव्यय’ आठवलं, आणि तिथेच घसरलो. ‘आणि’, ‘पण’ यांना विभक्तीची जागाच नसते. ‘हाउलाइ’ला जागा आहे, ती शेवटावर दिसत नाही इतकंच. मराठीतलं जवळचं उदाहरण दुसरंच आहे. ‘रामाने आंबा खाल्ला’ म्हणतो, पण ‘मी आंबा खाल्ला’. ‘मी गेलो’मधला ‘मी’ आणि हा ‘मी’ रूपाने एकच, तरी या दुसऱ्याची जागा ‘रामाने’चीच आहे. (गेवराई तालुक्यातल्या आमच्या गावी शेजारची आजी मात्र ‘म्या खाल्ला’ म्हणायची. तिच्या तोंडी तो शब्द बदलत होता. प्रमाण मराठीने तो थिजवला.)

मग ओळखायचं कसं? तीन जागांवर ठेवून पाहणं ही समजण्याची रीत झाली. पण समोरच्या पानावर शब्द एकाच जागी असतो, तिथे ती कामाला येत नाही. शेवट पाहूनही कळत नाही, कारण मबनी शब्द चारही तऱ्हांनी संपतात: ‘हैसु’ पेशवर, ‘ऐन’ (कुठे) जबरवर, ‘हाउलाइ’ जेरवर, ‘मन’ (कोण) साकिनवर. म्हणून जात ओळखावी लागते. सगळे हर्फ मबनीच. नामांमध्ये सर्वनामं, ‘हा-ते’ दाखवणारे शब्द, ‘जो-जे’ जोडणारे शब्द, ‘कोण-कुठे-केव्हा’ विचारणारे शब्द, हा मोठा भाग. जुन्या मदरशांत आजही शिकवल्या जाणाऱ्या ‘नह्व मीर’मध्ये अशा नामांचे आठ प्रकार दिले आहेत, पण रोजच्या वाचनात वारंवार भेटतात ते हेच. यांतही अपवाद आहेत. ‘हे दोघे’ असं द्विवचन केलं की ‘हाजानि’चं ‘हाजैनि’ होतं, म्हणजे बदल दिसू लागतो.

उलटी फसगतही होते. ‘मूसा’ हे नाव तिन्ही जागी ‘मूसा’च राहतं, म्हणून मी ते मबनी ठरवलं होतं. मौलाना म्हणाले, तो मुअरबच आहे. शेवटच्या अलिफवर मात्रा बसू शकत नाही म्हणून दिसत नाही. माणसाच्या नावाची जात मबनीची नाही. ‘अहमद’चं आणखी वेगळं. त्याला कर्ता असताना पेश, कर्म असताना जबर, आणि जेरच्या जागीही जबरच. दोन जागी सारखा दिसला म्हणून तो मबनी होत नाही. एका जागी जरी बदलला, तरी तो मुअरब.

आता ‘कब्लु’. हा शब्द मला सापडत नव्हता याचं कारण तो कायमचा मबनी नाही. ‘कब्ल’ म्हणजे ‘आधी’, आणि कशाच्या आधी हे त्याच्या पुढे यावं लागतं. ‘जुहरच्या आधीपासून’ म्हणायचं तर ‘मिन कब्लि-ज्जुहरि’. इथे माझा नियम अगदी बरोबर चालतो. ‘मिन’ने जेर दिला. पण कधी पुढचा शब्द गाळतात आणि ‘त्याच्या आधी’ हा अर्थ मनात ठेवतात. तेव्हा ‘कब्ल’ पेशवर थिजतो आणि ‘मिन’चंही ऐकत नाही. ‘बअद’ (नंतर) याचंही तसंच. त्याच आयतीत दोघे जोडीने आले आहेत. गाळलेला शब्द मनातही नसेल, नुसतं ‘पूर्वी कधीतरी’ म्हणायचं असेल, तर तन्वीन घेऊन तो पुन्हा मुअरब होतो.

मी विचारलं, पेशच का? मौलानांनी नह्ववाल्यांचं उत्तर सांगितलं, ते मला फार आवडलं. पुढे शब्द जोडलेला असताना ‘कब्ल’ला एक तर जबर मिळतो, नाही तर ‘मिन’मुळे जेर. पेश त्याच्या वाट्याला येत नाही. म्हणून पेश दिला. ऐकणाऱ्याला लगेच कळावं की इथे काहीतरी काढून घेतलेलं आहे.

घरी आलो तेव्हा मुलगी झोपली होती. सकाळी शाळेच्या गडबडीतच तिला सांगितलं की तू बरोबर होतीस, आणि समासातली फुली तिच्यासमोर खोडली. ती काही बोलली नाही.

आठवड्याने ती सूरह बकराह उघडून आली. रोज्यांची १८३वी आयत. बोट ठेवून म्हणाली, “यहां तो कब्लि है, जेर के साथ. फिर उस्तादजी का कब्लु कैसा?” परीक्षा माझी होती, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मी म्हटलं, शब्द पूर्ण वाच. “कब्लिकुम,” ती म्हणाली. मी ‘कुम’वर नख ठेवलं: ‘तुमच्या’. कशाच्या आधी ते इथे चिकटूनच आलंय, काढून घेतलेलं नाही, म्हणून ‘मिन’ने त्याला जेर दिला. तिने ‘कुम’ हाताने झाकून पाहिलं, मग हात काढला, आणि पुढची पानं उलटून आणखी ‘कब्ल’ शोधू लागली.