चुंबक बुडालाच लावायचं

वसमतच्या घरी इंडक्शन शेगडी आली आणि पहिल्याच सहरीला आम्ही अम्मीची कलईची तांब्याची देगची तिच्यावर ठेवली. शेगडी टिकटिक करून बंद. बिघडली म्हणून आम्ही परत द्यायला निघालो होतो!

मग फ्रीजवरचं चुंबक काढून एकेका भांड्याच्या बुडाला लावलं. देगचीला आणि ॲल्युमिनियमच्या कुकरला ते चिकटेना, लोखंडी तव्याला घट्ट बसलं. स्टीलची दोन पातेली दिसायला सारखीच, पण एकालाच चिकटलं. निकेल जास्त असलेल्या स्टीलला ते सहसा धरत नाही. नव्या कुकरच्या बाजूला चिकटलं नाही, बुडाला चिकटलं, आणि तो चालला. शेगडी तापवते बूडच. चुंबक जेमतेम धरलं, तर भांडं नीट तापेलच असं नाही.

देगची आता गॅसवरच.