पट्टे मोजताना

ख्यालाची बैठक होती. शाळेचं जुनं सभागृह, छताला चोकवाल्या ट्यूबलाइट, शंभरेक श्रोते. मागच्या बैठकीत ऐन आलापात माझ्या कॅमेऱ्याचं ‘खटक’ वाजलं होतं आणि पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान वळवून माझ्याकडे नुसतं पाहिलं होतं. त्या नजरेच्या धाकाने या खेपेला इलेक्ट्रॉनिक शटर लावलं. अजिबात आवाज नाही. दोन तासांत चारशे फोटो काढले आणि खुशीत घरी आलो.

कॉम्प्युटरवर पाहिलं तर बुवांच्या पांढऱ्या झब्ब्यावर आडवे पट्टे! एक उजळ, एक मळकट, पुन्हा एक उजळ. कॅमेरा उभा धरून काढलेल्या फोटोंत तेच पट्टे उभे झाले होते. म्हणजे ही सावली सभागृहातली नव्हे. असती तर कॅमेऱ्याबरोबर वळली नसती.

मळकट पट्टे मोजले. वरपासून खालपर्यंत पाच भरले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, आणि तिच्या प्रत्येक आवर्तनात ट्यूब दोनदा मंदावते, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. डोळ्यांना ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सरच्या ओळी वरून खाली एकामागून एक वाचल्या जातात. या वाचनात ट्यूब पाचदा मंदावली असेल, तर अख्खी चौकट वाचायला पाच शतांश, म्हणजे १/२० सेकंद लागला. माझ्या कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तकात हा आकडा कुठेच नव्हता. तो झब्ब्याने सांगितला.

पण मी तर १/३२० सेकंद ठेवला होता! घोळ इथेच होतो. डायलवरचा आकडा एकेका ओळीला प्रकाश किती वेळ मिळाला ते सांगतो; पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचायला किती वेळ गेला, ते सांगत नाही. ही दोन वेगळी घड्याळं आहेत.

मेकॅनिकल शटरलाही हे दुसरं घड्याळ आहे, फक्त ते फार जलद चालतं. तिथे एक पडदा पुढे धावून सेन्सर उघडा करतो, दुसरा त्याच्यामागून झाकत जातो. वेग वाढवला की दोघांमध्ये उरते ती नुसती फट. ही फट चौकट ओलांडते सुमारे १/२५० सेकंदात. तेवढ्यात ट्यूबचं एक स्पंदनही पुरं होत नाही, म्हणून पाच पट्टे पडत नाहीत. फार तर एक फोटो उजळ येतो आणि पुढचा मळकट, किंवा फोटोचा एखादा भागच मळकट.

दुसऱ्या दिवशी घरच्या पंख्यावर दोन्ही शटर लावून पाहिली. दिवसाउजेडी, १/२००० सेकंदावर. इलेक्ट्रॉनिकमध्ये पाती कोयत्यासारखी वाकली; एका बाजूची जाड, दुसऱ्या बाजूची बारीक. मेकॅनिकलमध्ये जवळपास सरळ. हिशेब सोपा आहे. पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला पाच. १/२० सेकंदात पातं पाव फेरा, म्हणजे ९० अंश पुढे जातं. १/२५० सेकंदात जेमतेम सात अंश. १/२००० मुळे पात्याच्या कडा धारदार आल्या, पण वाक तसाच राहिला. फोटो हललेला असेल तर कडा पुसट होतात. इथे कडा स्वच्छ आणि आकार खोटा. तबलजीची लांबलेली बोटं मी आदल्या रात्री हललेली समजलो होतो, ती खरं तर अशी होती.

हा दोष नव्या यंत्रांनी आणलेला नाही. शतकापूर्वी फ्रान्समध्ये जाक-आंरी लार्तिगने शर्यतीतली मोटार टिपली, तिचं चाक लंबगोल होऊन पुढे झुकलं आहे. त्याचा पडदाही सावकाशच सरकत होता.

आता आलापाला मी इलेक्ट्रॉनिक शटरच ठेवतो, पण १/१०० सेकंदावर. कुठल्याही ओळीची पाळी कधीही येवो, तिच्या वाट्याला ट्यूबचं एक पुरं स्पंदन येतंच. मग पट्टा उरत नाही. मात्र एवढ्या वेळात हलता हात पुसट होतो, म्हणून बुवा एखाद्या स्वरावर थांबतात आणि हवेतला हातही थांबतो, तेव्हाच बटण दाबतो. मंद केलेल्या काही एलईडींपुढे ही युक्ती पुरत नाही. ते सेकंदाला शेकडो, हजारो वेळा उघडझाप करतात आणि वेग वाढवला तर मेकॅनिकललाही बारीक पट्टे देतात. तिथे आधी चार फोटो काढून पांढऱ्या कापडावर मोठे करून पाहतो.

द्रुत सुरू झालं की मेकॅनिकलवर येतो. तबलजीची बोटं मला तेव्हाच हवी असतात, आणि तबल्याच्या त्या गडगडाटात माझं ‘खटक’ आजोबांनाही ऐकू जात नाही.